सोसायटीच्या निवडणुकीचं हँडबिल: फोटो, चार ठराव आणि ए-५ कागद

प्रश्न: आमच्या ८४ सदनिकांच्या सोसायटीत समितीची निवडणूक आहे. आई महिला राखीव जागेसाठी उभी आहे. तिचा फोटो आणि थोडक्यात चार-पाच आश्वासनं टाकून हँडबिल काढायचं आहे. मजकूर काय लिहावा, मांडणी कशी करावी आणि छापताना काय सांभाळावं?

उत्तर:

आधी हँडबिल कधी छापायचं ते ठरवा, कारण सगळ्यात जास्त कागद तिथेच वाया जातो. अर्ज मागे घ्यायची मुदत संपून उमेदवारांची अंतिम यादी लागेपर्यंत छपाईला हात लावू नका. १०० पर्यंत सभासद असलेल्या सोसायटीत आदर्श उपविधींप्रमाणे समिती ११ जणांची असते आणि त्यात दोन जागा महिलांसाठी राखीव असतात. माघारीनंतर त्या दोन जागांसाठी दोनच अर्ज उरले, तर त्या गटात मतदानच होत नाही, दोघी बिनविरोध निवडून येतात. अशा वेळी छापून ठेवलेला गठ्ठा रद्दीत जातो. मतपत्रिकेवरचा अनुक्रमांक, आणि चिन्ह दिलं जाणार असेल तर तेही, अंतिम यादीबरोबरच कळतं. हा क्रमांक हँडबिलावर नसेल तर मतदाराला फक्त नावच लक्षात ठेवावं लागतं. एकाच आडनावाच्या दोन उमेदवार असतील तर घोळ ठरलेलाच. मजकूर आणि मांडणी आधी तयार ठेवा, क्रमांकाची चौकट रिकामी सोडा, यादी लागली की आकडा भरून त्याच दिवशी छापायला द्या.

आता मजकूर. आई समितीच्या ११ जणांपैकी एक असणार आहे, हे धरून प्रत्येक ओळ लिहायची. बहुतेक हँडबिलं इथेच चुकतात. ‘सेक्रेटरी पदासाठी मत द्या’ असं छापलेलं दिसतं, पण सभासद फक्त समिती सदस्य निवडतात. अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार नवी समिती आपल्या पहिल्या सभेत आपल्यातून निवडते. म्हणून पदाचं नाव घालू नका, ‘समिती सदस्य, महिला राखीव गट’ एवढंच लिहा. राखीव गट छापायचा तो आणखी एका कारणासाठी. महिला गटाला फक्त महिलाच मत देतात असा समज बऱ्याच घरांत असतो. प्रत्यक्षात मतदार यादीतला प्रत्येक सभासद या दोन जागांसाठी मत देऊ शकतो. ‘या गटात प्रत्येक मतदाराला दोन मते आहेत, त्यातले एक मला द्या’ ही ओळ छोट्या अक्षरात का होईना, घालाच. त्या गटात दोनापेक्षा जास्त खुणा केल्या तर त्या गटातलं मत बाद होतं. ही माहिती सगळ्याच उमेदवारांच्या उपयोगाची आहे आणि ती देणाऱ्या उमेदवाराबद्दल मत चांगलंच होतं.

आश्वासनं तपासायला एकच प्रश्न पुरतो: हे समितीच्या हातात आहे की सर्वसाधारण सभेच्या? ‘मेंटेनन्स कमी करू’ हे वाक्य ऐकायला गोड आहे, पण मासिक आकारणी समिती मनाने ठरवत नाही. कोणता खर्च सगळ्यांत समान वाटायचा, पाणीपट्टी कशी वाटायची, हे उपविधींत ठरलेलं असतं. बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के दुरुस्ती निधी आणि किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंड दरवर्षी काढावाच लागतो, आणि दर ठरवते सर्वसाधारण सभा. ‘रीडेव्हलपमेंट लवकर मार्गी लावू’ याचंही तेच. त्याची पद्धत ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाने बांधून दिलेली आहे आणि निर्णय विशेष सर्वसाधारण सभेत सभासदच घेतात. दुरुस्तीवर सभेला न विचारता समिती किती रक्कम खर्च करू शकते, याचीही मर्यादा सभासदसंख्येनुसार उपविधींत लिहिलेली आहे. सोसायटीच्या उपविधींची प्रत समोर घेऊन बसा. ज्या आश्वासनाला सभेची मंजुरी लागते ते काढून टाका, किंवा ‘सभेपुढे विषय ठेवणार’ असं लिहा.

‘पारदर्शक कारभार’, ‘सर्वांगीण विकास’, ‘सर्वांना सोबत घेऊन’ या शब्दांवर कुणी भांडत नाही, म्हणूनच त्यांना मतही पडत नाही. जे झालं की नाही हे सभासदाला जिन्यात उभं राहून बघता येईल, तेवढंच लिहा. त्यात आकडा किंवा तारीख हवी. पारदर्शकतेऐवजी ‘दर महिन्याच्या १० तारखेपर्यंत जमाखर्च फलकावर’ असं लिहिलं की ११ तारखेला कुणीही फलकाकडे बघून जाब विचारू शकतो. असं बांधून घेणारी ओळ लिहायला धाडस लागतं, पण वाचणाऱ्याला ते लगेच जाणवतं.

क्रियापदाची अडचण उरते. एकटी सदस्य ‘मी करीन’ म्हणाली तर बाकी दहा जण गप्प बसतील असं नाही. त्यामुळे चारही मुद्द्यांच्या वर एकच ओळ घाला: ‘समितीच्या पहिल्याच सभेत मी हे चार ठराव मांडणार’. ठराव मांडणं हे एका सदस्याच्या पूर्णपणे हातात आहे आणि ते इतिवृत्तात नोंदलंही जातं. प्रत्येक मुद्द्याला वेगळं क्रियापद लागत नाही, जागाही वाचते.

तुमच्या सोसायटीसारख्या ठिकाणी चालेल असा पूर्ण मजकूर असा होईल (नाव, तारखा आणि आकडे तुमचे घाला):

(वरची पट्टी) सोसायटीचं नाव · समिती निवडणूक

(फोटोशेजारी) आईंचं पूर्ण नाव
सदनिका बी-३०२
महिला राखीव गट
मतपत्रिकेवर अनुक्रमांक: ३

बी विंगमध्ये १६ वर्षे वास्तव्य. हिशेबाच्या कामाचा अनुभव.
समितीच्या पहिल्याच सभेत मी हे चार ठराव मांडणार:

१. दर महिन्याच्या १० तारखेपर्यंत मागील महिन्याचा जमाखर्च सूचना फलकावर.
२. २५ हजारांवरील प्रत्येक कामाला किमान तीन दरपत्रके. तुलनेचा तक्ता सभासदांना खुला.
३. पाण्याच्या टाक्या वर्षातून दोनदा धुणे. तारीख आठ दिवस आधी फलकावर.
४. लिफ्ट बंद पडल्याची व सुरू झाल्याची वेळ वहीत. वही सर्वांना खुली.

(खालची चौकट) मतदान: वार, तारीख, वेळ, ठिकाण
या गटात आपल्याला दोन मते आहेत. त्यातले एक मला द्या.

ठराव निवडण्याआधी या गोष्टी सध्या होतात का ते बघा. टाक्या आधीच वर्षातून दोनदा धुतल्या जात असतील तर तिसरा मुद्दा वाचून लोक म्हणतील, यांना सोसायटीत काय चालतं तेच माहीत नाही. तशा वेळी तुमच्याकडे खरोखर अडलेलं काम घ्या: पावसाळ्यात गच्चीचे पाणी उतरण्याचे पाइप तुंबणं, जिन्यातले दिवे, सीसीटीव्हीचं बंद रेकॉर्डिंग. मावळत्या समितीवर पैसे खाल्ल्याचा आरोप किंवा थकबाकीदारांची नावं हँडबिलात कधीही घालू नका. छापील आरोप अब्रुनुकसानीच्या दाव्यात तयार पुरावा ठरतो. शिवाय निवडून आल्यावर त्याच लोकांबरोबर पाच वर्षं बसायचं असतं.

‘आई लढतेय तर पाचवा मुद्दाही घालू’ असा आग्रह घरातून होईल. पण ए-५ कागदावर मोजून बघा. कागद १४८ × २१० मिमी. चारही बाजूंना १० मिमी कोरी जागा सोडली की १२८ × १९० मिमी उरतात. वरची पट्टी १२ मिमी, फोटो ५४ मिमी, परिचय आणि ठरावांची ओळ मिळून १२ मिमी, खालची चौकट २० मिमी, तळाची बारीक ओळ ५ मिमी. प्रत्येक ठराव १४ पॉइंटात दोन ओळी धरला तर सुमारे १४ मिमी घेतो. चार ठराव आणि मधल्या ४ मिमीच्या तीन फटी मिळून ६७-६८ मिमी. या सगळ्या भागांमधल्या फटी धरल्या की १९० मिमी संपतात. पाचवा मुद्दा आणखी १८ मिमी मागतो, आणि ते फक्त अक्षर बारीक करूनच मिळतात. सोसायटीत मतदानाला नेमाने येणारे सभासद बरेचदा ज्येष्ठ असतात. १४ पॉइंटाचं ११ केलं की त्यांच्या हातून कागद चष्मा शोधेपर्यंत बाजूला पडतो. म्हणून मुद्दे चार, आणि प्रत्येक मुद्दा दोन ओळींत मावेल असा. १४ पॉइंटात १२८ मिमीच्या ओळीत साधारण ४५ ते ५० अक्षरं बसतात, एवढा हिशेब लिहितानाच डोक्यात ठेवा.

फोटो डावीकडे ४२ मिमी रुंद आणि ५४ मिमी उंच ठेवा. नाव उजवीकडे २८ ते ३० पॉइंटात दोन ओळींत, त्याखाली सदनिका आणि गट १४ पॉइंटात. अनुक्रमांकाला जाड कडेची चौकट द्या आणि आकडा नावाइतकाच मोठा ठेवा, कारण मतपत्रिका हातात आल्यावर डोळा आधी तोच शोधतो. नाव मतदार यादीत आणि मतपत्रिकेवर जसं आहे तसंच, त्याच क्रमाने छापा. आईंना सगळे हाक मारतात ते नाव वेगळं असेल तर ते नावाखाली छोट्या अक्षरात द्या, वर नको. सोसायटीचं लेटरहेड, नोंदणी क्रमांक किंवा शिक्का हँडबिलावर घेऊ नका. त्यामुळे कागद सोसायटीने काढल्यासारखा दिसतो आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे तक्रारीला आयतं निमित्त मिळतं.

फोटोसाठी स्टुडिओत जाण्याची गरज नाही, पण जुन्या लग्नातला फोटो कापून वापरू नका. सकाळी खिडकीसमोर, खिडकीकडे तोंड करून त्यांना बसवा. ऊन थेट चेहऱ्यावर नको, खिडकीतला मऊ उजेड हवा. मागे फिकी, कोरी भिंत असावी, आणि भिंतीपासून निदान दोन हात पुढे बसवलं की सावली मागे पडत नाही. मोबाइलच्या मागच्या कॅमेऱ्याने, दीड-दोन मीटरवरून, दुप्पट झूम करून काढा. सेल्फी कॅमेरा हाताच्या अंतरावरून नाक मोठं दाखवतो. चष्मा असेल तर हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगा, म्हणजे खिडकीची चमक काचेवरून जाते. खांदे किंचित उजवीकडे, मजकुराच्या दिशेने वळलेले असावेत. बाहेर बघणारा चेहरा वाचकाची नजर कागदाबाहेर नेतो. असा फोटो उलट्या दिशेने आला तर आरशासारखा फिरवू नका. साडीचा पदर आणि भांग दुसऱ्या बाजूला जातात आणि ओळखीच्या माणसांना काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. सरळ दुसरा फोटो काढा.

४२ × ५४ मिमी जागेला ३०० डीपीआयने सुमारे ५०० × ६४० पिक्सेल लागतात. हे कापून उरलेल्या भागाचे पिक्सेल आहेत, मूळ फोटोचे नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या फोटोसारखा पाठवलेला पूर्ण उभा फोटो आकसून येतो. त्यातून खांद्यापर्यंतचा भाग कापला की दोन-तीनशे पिक्सेल उरतात, आणि छापल्यावर डोळ्यांच्या कडा पायऱ्यांसारख्या दिसतात. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून किंवा ईमेलने पाठवा. ब्युटी फिल्टर बंद ठेवा. छपाईत फोटो पडद्यापेक्षा गडद येतो, म्हणून मधल्या छटा थोड्या उजळा. काळे केस आणि गडद साडी एकमेकांत मिसळतात का ते बघा.

अक्षराच्या बाबतीत देवनागरीची गरज वेगळी आहे. वर वेलांटी, रफार, खाली उकार, त्यामुळे ओळींमधलं अंतर अक्षराच्या १.४ पट तरी हवं. कमी ठेवलं की खालच्या ओळीचा रफार वरच्या ओळीच्या उकारात घुसतो. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी यांसारखा साधा युनिकोड फॉन्ट घ्या आणि त्याच्याच दोन जाडी वापरा, साधी आणि ठळक. अति ठळक अक्षरात भ आणि म, ध आणि घ यांतला फरक भरून जातो. गडद पट्टीवर पांढरी अक्षरं फक्त वरच्या ओळीपुरती ठेवा, ठराव कायम पांढऱ्यावर काळे. रंग एकच पुरे, गडद निळा किंवा किरमिजी. एखाद्या पक्षाच्या झेंड्याची आठवण येईल अशी रंगसंगती टाळा. एकाच जिन्यात सगळ्या पक्षांचे मतदार राहतात, आणि लिफ्टच्या प्रश्नावर त्या सगळ्यांचं मत तुम्हाला हवं आहे.

सर्वात जास्त घोटाळे होतात ते फाइल छापखान्यात गेल्यावर. वर्डची फाइल दिली आणि तिथल्या संगणकावर तो फॉन्ट नसला, तर अक्षरं बदलून ओळी तुटतात. बऱ्याच दुकानांत डीटीपी ऑपरेटर मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये पुन्हा टाइप करतो, आणि नव्याने टाइप केलेल्या मजकुरात नव्या चुका येतात. डिझाइनच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड मराठी चिकटवली की पहिली वेलांटी अक्षराच्या उजव्या बाजूला जाते आणि जोडाक्षरं पाय मोडून सुटी होतात. इनडिझाइन वापरत असतील तर परिच्छेदाला ‘World-Ready Paragraph Composer’ लावलेला असावा लागतो. सगळ्यात सुरक्षित म्हणजे मांडणी तुम्हीच वर्ड किंवा लिबरऑफिसमध्ये करून पीडीएफ द्या. पीडीएफ दुसऱ्या कुणाच्या मोबाइलवर उघडून बघा, म्हणजे फॉन्ट आत बसला आहे की नाही ते कळतं. ‘समितीच्या’मधला ‘च्या’, ‘खर्च’चा रफार, ‘वर्षातून’, ‘आपल्याला’ एवढे शब्द नीट दिसले तर बाकीचे सहसा नीट असतात. शुद्धलेखनात ‘निवडणूक’ दीर्घ आणि ‘निवडणुकीत’ ऱ्हस्व, आणि ‘आशीर्वाद’ असा शब्द वापरलाच तर शी दीर्घ. ही तीन ठिकाणं जवळपास प्रत्येक हँडबिलात चुकतात.

प्रती किती? मतदार यादी घेऊन मोजा. भाडेकरू मतदार नसतात, त्यामुळे त्यांच्या दारात टाकलेली प्रत फुकट जाते. तिथला मालक-सभासद दुसरीकडे राहतो, त्याला प्रत पोहोचवावी लागते. ८४ सदनिकांना १२० प्रती भरपूर झाल्या. एवढ्या थोड्या प्रतींना ऑफसेट परवडत नाही, डिजिटल छपाई घ्या. दुकानात १२ × १८ इंची शीट असते, म्हणजे ३०५ × ४५७ मिमी. कोऱ्या पांढऱ्या कडेचं ए-५ त्यावर चार बसतं, दोन रुंदीत २९६ मिमी होतात, आणि १२० प्रती ३० शीटमध्ये निघतात. पण रंगीत पार्श्वभूमी कडेपर्यंत नेली तर प्रत्येक बाजूला ३ मिमी ब्लीड, म्हणजे छापून मग कापून टाकायची जादा कड, लागते, दोन प्रतींची रुंदी ३०८ मिमी होते आणि शीटवर चारऐवजी दोनच बसतात. शीट दुप्पट, खर्चही दुप्पट. १३ × १९ इंची शीट असेल तर प्रश्न नाही, पण पांढरी कड ठेवली की तो विचारच करायला नको. कागद १३० जीएसएम आर्ट पेपर घ्या. ७० जीएसएमवर फोटोची शाई मागून दिसते आणि कागद दाराखालून सरकवताना दुमडतो.

छापायला देण्याआधी घरच्या प्रिंटरवर एक प्रत ‘Actual size’ ठेवून काढा. ‘Fit’ ठेवलं तर मापं बदलतात आणि तपासणी फुकट जाते. ती प्रत सोसायटीतल्या एखाद्या आजोबांना हातभर लांबून वाचायला द्या आणि अनुक्रमांक विचारा. मग तिची काळी-पांढरी झेरॉक्स काढा, कारण कुणीतरी ती काढणारच. तीत चेहरा ओळखू आला पाहिजे. शेवटी नाव, अनुक्रमांक, तारीख आणि वेळ ही चार ठिकाणं अंतिम यादी आणि निवडणूक कार्यक्रमाशी अक्षर-अक्षर जुळवा. हे काम मजकूर लिहिणाऱ्याने करू नये. त्याला पानावर जे असायला हवं तेच दिसतं.

तळाशी ८ पॉइंटात ‘प्रकाशक: उमेदवार स्वतः’ आणि मुद्रकाचं नाव घाला. प्रचारपत्रकावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव सक्तीचं करणारं लोकप्रतिनिधित्व कायद्यातलं कलम लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुकांसाठी आहे, सोसायटीसाठी नाही. तरीही नाव असलं की कुणी आईंच्या नावाने खोटं पत्रक काढलं तर खरं कोणतं ते दाखवता येतं.

वाटप आईंनी स्वतः दारोदार करावं, मतदानाच्या पाच-सहा दिवस आधी. सोसायटीच्या वॉचमनच्या हातून वाटू नका, तो सगळ्यांचा नोकर आहे. सूचना फलकावर परवानगीशिवाय लावू नका. बाहेरगावच्या सभासदांना मोबाइलवर पाठवायला ए-५ ची पीडीएफ चालत नाही, मजकूर बारीक दिसतो. १०८० × १३५० पिक्सेलची वेगळी प्रतिमा करा: वर फोटो, नाव आणि अनुक्रमांक, खाली चार ठराव प्रत्येकी एका ओळीत, आणि मतदानाची तारीख. त्या सभासदांना एक गोष्ट फोनवर सांगा, मत द्यायला स्वतः यावं लागेल, त्यामुळे तारीख आणि वेळ आत्ताच लिहून ठेवा.